घरच्या कारखान्यात सुताचा हिशेब विचारला आणि घरात बोलणे बंद झाले : अशा वेळी काय करावे?

पूर्वभागकर्णी, १२ एप्रिल

सर्वांना नमस्कार. आमचा सोलापुरात टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. बारा माग आहेत आणि एकच पाळी चालते. तो आजोबांनी सुरू केला आणि आता माझे काका आणि वडील अशा दोघांची भागीदारी आहे. बँक, गिऱ्हाईक, कामगार आणि पैसा हे सगळे काका पाहतात. वडील मागांची देखभाल पाहतात आणि हिशेबाच्या विषयात कधी बोलत नाहीत. सुताचे गोदाम काकूंचे भाऊ सांभाळतात. त्यांना आम्ही मामाच म्हणतो आणि ते पगारावर आहेत. मी वाणिज्य शाखेतून पदवी घेतल्यावर काही वर्षे बाहेर नोकरी केली आणि आता कारखान्याच्या नोंदी संगणकावर घेण्याचे काम करते.

मार्च महिन्याच्या नोंदी जुळवताना असे दिसले की रंगाईहून परत आलेले आणि मागांना दिलेले सूत ६,००० किलो होते. त्यातून तयार झालेल्या टॉवेलांचे वजन ५,६४० किलो भरले आणि वेस्ट म्हणून १८० किलो सूत जमा झाले. म्हणजे १८० किलोचा पत्ता लागत नाही. रंगाईसह सुताचा भाव सुमारे २५० रुपये किलो धरला, तर ही रक्कम महिन्याला ४५,००० रुपये होते.

शनिवारी आठवड्याचा पगार वाटून झाल्यावर काका आणि मामा दोघेही ऑफिसात होते, तेव्हा मी कागद समोर ठेवला आणि म्हणाले, "गोदामातून निघालेले सूत आणि परत आलेला माल जुळत नाही." मी कोणाचेही नाव घेतले नाही. मामा उठून बाहेर गेले. काका म्हणाले, "वीस वर्षे ज्या माणसाने किल्ली सांभाळली, त्याला तू चोर म्हणतेस?" तेव्हापासून काकू माझ्याशी बोलत नाहीत आणि वडील म्हणतात की विषय सोडून दे. मी चोरी हा शब्दही उच्चारला नव्हता. हिशेबाचा साधा प्रश्न माणसावरचा आरोप का ठरतो, आणि तो कसा विचारावा, याविषयी तुमचा अनुभव जाणून घ्यायचा आहे.

मंगळवेढेकर, १२ एप्रिल

ताई, यात विचारण्यासारखे काही नाही. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क आहे आणि आजोबांचा कारखाना हा वडिलोपार्जितच आहे. तुम्ही स्वतःच्या नावाने वकिलामार्फत नोटीस पाठवून सगळ्या वह्या मागवा. त्यांना द्याव्याच लागतील.

निवृत्त लेखापाल, १२ एप्रिल

मंगळवेढेकर यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे आणि उरलेल्या अर्ध्याने या ताईंचे नुकसान होऊ शकते. २००५ ची दुरुस्ती हिंदू एकत्र कुटुंबाच्या सामाईक मालमत्तेला लागू होते. इथे दोघा भावांची भागीदारी आहे, म्हणजे व्यवहार भागीदारीच्या करारपत्रावर आणि १९३२ च्या भागीदारी कायद्यावर चालतो. त्या कायद्याप्रमाणे भागीदारांनी एकमेकांना खरा हिशेब आणि पूर्ण माहिती द्यावयाची असते, आणि प्रत्येक भागीदाराला वह्या पाहण्याचा व त्यांची नक्कल घेण्याचा हक्क असतो. हा हक्क वडिलांचा आहे. मुलगी कारखान्यात रोज बसत असली, तरी ती भागीदार नसेल तर तो तिला आपोआप मिळत नाही. आजोबांचे भांडवल भागीदारीत कोणत्या स्वरूपात आले, त्यानुसार यात फरक पडू शकतो, म्हणून आधी करारपत्र वाचावे. वकिलाची नोटीस हा पहिला उपाय नव्हे.

चादरवाले आजोबा, १३ एप्रिल

मी वयाने मोठा आहे आणि कारखान्याच्या खुर्चीवर बसलेला माणूस आहे, म्हणून काकांच्या बाजूने लिहितो. बँकेच्या कर्जावर सही आमची असते. मंदीत माल पडून राहिला, तेव्हा सूतवाल्यांच्या दारात उभे आम्ही राहिलो. घरातले शिकलेले मूल येते, एका महिन्याचे आकडे मांडते आणि वीस वर्षांच्या विश्वासाबद्दल प्रश्न विचारते, तेव्हा मनाला लागते. या मुलीचा हेतू वाईट आहे असे मी म्हणत नाही. परंतु मामा समोर बसलेले असताना गोदामाचा विषय काढणे म्हणजे त्यांचे नाव घेणेच होय. कारखान्यात गोदामाला दुसरा चेहराच नाही.

पूर्वभागकर्णी, १३ एप्रिल

आजोबा, तुमचे म्हणणे मी समजून घेते. परंतु मामा नसताना बोलले असते, तर मागे बोलले असा ठपका आला असता.

अक्कलकोट रोड, १३ एप्रिल

तुमचा प्रश्न पगाराचा आहे असे मला वाटते. आमच्याकडेही मला पगार नव्हता, "सगळे तुझेच आहे" असे सांगून दहा वर्षे काढली. आधी स्वतःचा पगार ठरवून घ्या आणि मग सुधारणा सुचवा.

पूर्वभागकर्णी, १३ एप्रिल

मला पगार मिळतो आणि त्याविषयी माझी तक्रार नाही. प्रश्न सुताच्या वजनाचा आणि ते वजन विचारण्याचा आहे.

जुना जॉबर, १४ एप्रिल

मी पस्तीस वर्षे मागावर आणि नंतर विव्हिंग मास्तर म्हणून काम केले आहे. माणसांविषयी बोलण्याआधी सुताविषयी बोलू या, कारण या धाग्यात सर्वांनी १८० किलो सूत गेले असे गृहीत धरले आहे आणि ते अजून सिद्ध झालेले नाही.

कापसाचे सूत हवेतले पाणी धरते. व्यापारात १०० किलो पूर्ण कोरड्या कापसामागे साडेआठ किलो ओलावा मान्य धरतात. सोलापुरात मार्च ते मे या काळात दुपारची हवा इतकी कोरडी असते की उघड्या शेडमध्ये सूत ओलावा सोडते आणि तो पाच किलोच्या आसपास येतो. आता तुमचे ६,००० किलो घ्या. साडेआठच्या हिशेबाने त्यात कोरडे सूत सुमारे ५,५३० किलो असेल. तेच सूत पाच टक्के ओलाव्यावर आले की त्याचे वजन सुमारे ५,८०६ किलो भरेल. १९४ किलो वजन हवेत गेले आणि एक धागाही कोणी उचलला नाही. तुमची तूट १८० किलोची आहे.

मामा निर्दोष आहेत असा याचा अर्थ नाही, तसा दावा मी करत नाही. उन्हाळ्यातल्या एका महिन्याच्या आकड्यावरून चोरी आणि हवा यांत फरक करता येत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे. फरक ओळखण्याचा मार्ग आहे. गेल्या जुलै-ऑगस्टच्या नोंदी असतील तर काढा. पावसाळ्यात हवा दमट असते, त्यामुळे ओलाव्याची तूट जवळजवळ नाहीशी व्हायला हवी. तेव्हाही १८० किलोच कमी पडत असतील, तर कारण हवा नाही.

आणखी एक विचारतो. सूत रंगाईहून लडीच्या रूपात येते, तेव्हा त्याचे वजन कोण करते आणि केव्हा करते? रंगाईवाला घाईत असला की लडी पुरती वाळलेली नसते. ओल्या लडीचे वजन जमेला धरले, तर तूट पहिल्याच दिवशी वहीत शिरते. तुम्ही ती मागावर शोधत बसता.

पूर्वभागकर्णी, १४ एप्रिल

मास्तर, हे मला ठाऊक नव्हते आणि बाहेरच्या नोकरीत याचा संबंध कधी आला नाही. लडीचे वजन आमच्याकडे होतच नाही. रंगाईवाल्याच्या चलनावरचा आकडा मामा वहीत उतरवतात. मागांना देतानाही गठ्ठे मोजून देतात आणि वजन त्याच चलनावरून धरतात. वजन होते ते फक्त तयार टॉवेलांचे आणि वेस्टचे. गेल्या पावसाळ्यातल्या वेस्टच्या नोंदी नाहीत, त्यामुळे तुलना करता येणार नाही.

जुना जॉबर, १४ एप्रिल

म्हणजे तुमच्या जमाखर्चाची एक बाजू दुसऱ्याच्या काट्यावर मोजलेली आहे आणि दुसरी तुमच्या काट्यावर. रंगाईचे बिल किलोवर होते, तेव्हा चलनातले वजन जास्त असण्यात कोणाचा फायदा आहे हेही ध्यानात घ्या.

नवी पेठ, १५ एप्रिल

मास्तरांचा मुद्दा मोलाचा आहे, तरीही मी थोडा विरोध नोंदवतो. ओलाव्याचे कारण हाती आले की घरातले सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि चौकशी तिथेच थांबते. आमच्या सूतविक्रीच्या दुकानात असेच घडले. तूट दिसली की "हवामान" म्हणायचे अशी सवय पडली आणि आमच्या एका आप्ताने त्या सवयीच्या आडून कित्येक वर्षे माल बाहेर विकला. माणसाचा मान राखण्यासाठी दिलेले कारण तपासले नाही, तर ते पांघरूण होते.

जुना जॉबर, १५ एप्रिल

सहमत आहे. म्हणूनच तपासा असे म्हटले. हवेची तूट ऋतूप्रमाणे बदलते, चोरीची तूट ऋतू पाहत नाही. जी तूट बारा महिने सारखी राहते, तिला हवामान म्हणू नये.

अकलूजची सून, १६ एप्रिल

माझा अनुभव गणवेशांच्या शिलाईच्या व्यवसायातला आहे. सासरी कटिंगचे टेबल मोठ्या जाऊबाई पाहतात. कापड जास्त लागते असे माझ्या लक्षात आले आणि मी ते सासूबाईंना स्वयंपाकघरात सांगितले. संध्याकाळपर्यंत ते "धाकटीला मोठीची जागा हवी आहे" असे होऊन घरभर फिरले. मी कापडाबद्दल बोलले होते आणि घराने ते जागेबद्दल ऐकले. पुढे दोन वर्षे मी त्या टेबलाविषयी चकार शब्द काढला नाही आणि कापड जास्त लागतच राहिले.

मला वाटते, या ताईंच्या घरात सर्वांत नाजूक जागा मामांची आहे आणि तिचा विचार इथे कोणी केलेला नाही. काका भागीदार आहेत, वडील भागीदार आहेत, ताई भागीदाराची मुलगी आहे. मामा बहिणीच्या घरच्या कारखान्यात पगारावर आहेत. त्यांच्याजवळ हिस्सा नाही, त्यांच्याजवळ केवळ विश्वास आहे. तो गेला तर त्यांची नोकरी जाते, आणि बहिणीच्या सासरी तिची मानही खाली जाते. काकू बोलत नाहीत त्याचे कारण मला यातच दिसते. काकांना मामांवर संशय घेता येत नाही, कारण तो संशय त्यांना रात्री घरी घेऊन जावा लागेल.

चादरवाले आजोबा, १६ एप्रिल

अकलूजच्या सूनबाईंनी जे लिहिले ते मला लिहिता आले नसते. पगारावरच्या नातेवाईकाला तुम्ही काही बोललात, की मालक स्वतःच्या पत्नीच्या वतीने उत्तर देतो. मी स्वतः तसे उत्तर दिलेले आहे.

पुणेस्थित सोलापूरकर, १७ एप्रिल

मग उपाय काय? दर महिन्याला चार्टर्ड अकाउंटंटच्या समोर बैठक घ्यावी, म्हणजे बोलणे व्यवसायापुरते राहील असे मला वाटते.

नवी पेठ, १७ एप्रिल

लहान कारखान्यांतले चार्टर्ड अकाउंटंट बहुधा मोठ्या भागीदाराचे जुने स्नेही असतात. ते विवरणपत्र भरतात, लडीचे वजन करायला येत नाहीत. त्यांच्यासमोर बैठक झाली तर काकांना बाहेरच्या माणसापुढे अपमान झाल्यासारखे वाटेल.

निवृत्त लेखापाल, १८ एप्रिल

मी अशाच काही कारखान्यांचे हिशेब लिहिले आहेत, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. पूर्वभागकर्णी ताईंनी एक गोष्ट तपासावी. दर महिन्याची ही तूट वहीत खर्ची टाकतात की नाही? पुष्कळ ठिकाणी तूट कोणी मान्य करत नाही, त्यामुळे ती सुताच्या शिलकीतच राहते. वहीत सूत असते आणि गोदामात नसते.

पूर्वभागकर्णी, १८ एप्रिल

आपण म्हणता तसेच आहे. तूट असे खातेच नाही. वर्षअखेरीला प्रत्यक्ष मोजणी होत नाही आणि वहीतली शिलक पुढे ओढली जाते.

निवृत्त लेखापाल, १८ एप्रिल

मग हा विषय मामांचा उरत नाही, तो दोन्ही भागीदारांच्या सहीचा होतो. उदाहरणापुरते दर महिन्याला १८० किलो धरू. वर्षाला २,१६० किलो होतात आणि २५० रुपयांनी त्यांची किंमत ५,४०,००० रुपये होते. कारखान्याला मालाच्या तारणावर कॅश क्रेडिट असेल, तर दर महिन्याला बँकेला स्टॉक स्टेटमेंट जाते आणि त्यावरून उचल किती घेता येईल ते ठरते. बँक मालाच्या किमतीतून वगळते ते मार्जिन २५ टक्के असेल, तर अस्तित्वात नसलेल्या सुतावर ४,०५,००० रुपयांपर्यंत उचल दाखवली जाते. उन्हाळा-पावसाळा धरून खरा आकडा याहून कमी येईल, पण तो शून्य येणार नाही. बँकेचा अधिकारी किंवा बँकेने नेमलेला ऑडिटर गोदामात मोजायला आला, तर प्रश्न काकांना आणि तुमच्या वडिलांना विचारला जाईल. तिथे मामांना कोणी विचारणार नाही.

काकांशी बोलायचेच असेल तर इथून सुरुवात करा. "गोदामात काय चालले आहे" असे विचारू नका. "आपल्या सहीने बँकेला जाणारा आकडा गोदामाशी जुळतो का, हे पाहून घेऊ या" असे म्हणा. पहिल्या वाक्यात काकांना मामांचा बचाव करावा लागतो, दुसऱ्यात त्यांना स्वतःची सही जपायची असते. मी हे युक्ती म्हणून सांगत नाही. खरी जोखीम तीच आहे आणि ती चोरी असो वा नसो, सारखीच राहते.

आणि हे बोलणे वडिलांनी करावे. ते भागीदार आहेत, हिशेब पाहण्याचा हक्क त्यांचा आहे आणि दोघे भाऊ बरोबरीचे आहेत. पुतणीने विचारले की ते उर्मटपणा ठरते.

अक्कलकोट रोड, १९ एप्रिल

वडील बोलणार नाहीत हे ताईंनी सुरुवातीलाच लिहिले आहे. माझे वडीलही असेच होते. "भाऊ आहे, त्याला काय विचारायचे" म्हणत त्यांनी आयुष्य काढले. वडील बोलतील असे धरून चालणारा सल्ला आमच्यासारख्यांच्या उपयोगाचा नसतो.

चादरवाले आजोबा, १९ एप्रिल

मग मामांकडूनच सुरुवात करावी. मुली, तू त्यांच्याकडे जा आणि सांग की रंगाईवाल्याच्या वजनावर माझा विश्वास नाही, लडी आली की तुम्ही आणि मी मिळून काट्यावर ठेवू. त्यात त्यांच्यावर आरोप नाही, उलट गोदामाचा अधिकार त्यांच्याकडेच राहतो. चिठ्ठीवर पहिली सही त्यांची घे. किल्ली सांभाळणाऱ्या माणसाला काट्याचे वावडे नसते, मात्र काटा दुसऱ्याच्या हातात असेल तर त्याला तो आपल्याविरुद्ध लावल्यासारखा वाटतो.

नवी पेठ, १९ एप्रिल

आणि त्यांनी नकार दिला तर?

चादरवाले आजोबा, १९ एप्रिल

तर तो नकार काकांना दिसेल. मात्र तो दिसावा म्हणून हे करू नये. मनात तसे असेल तर समोरच्याला कळते.

जुना जॉबर, २० एप्रिल

वजन कसे करायचे ते सांगून ठेवतो, नाहीतर त्यावरून पुन्हा वाद होईल. लडी आली त्याच दिवशी वजन करा आणि तारीख लिहा. त्यातला एक गठ्ठा वेगळा काढून, सोडून, दोन दिवस शेडमध्ये टांगून ठेवा आणि पुन्हा वजन करा. दोन वजनांतला फरक हा रंगाईहून आलेला जास्तीचा ओलावा आहे. प्रत्येक रंगाईवाल्याचा गठ्ठा वेगळा तपासा, सगळ्यांना एकच टक्का लावू नका. टॉवेलांचे वजन शिवण आणि घडी झाल्यावर करत असाल, तर तुकडे कापताना निघालेल्या चिंध्याही वेस्टमध्ये आल्या पाहिजेत. सायझिंग केलेल्या ताण्यावर कांजी चढलेली असते, तिचे वजन टॉवेलात येते आणि तेवढी तूट लपते, हेही विसरू नका. काटा एकच वापरा आणि त्याची पडताळणी झालेली आहे का ते पाहा.

पुणेस्थित सोलापूरकर, २० एप्रिल

एवढे सगळे करण्यापेक्षा मी पुण्यात नोकरी करतो यात मला समाधान आहे. हे निराशेने लिहीत नाही. घरच्या कारखान्यात राहिलो असतो, तर मी आणि माझे काका आज एकमेकांकडे जेवायला गेलो नसतो.

अकलूजची सून, २१ एप्रिल

तोही एक प्रामाणिक निर्णय आहे. परंतु ज्यांना राहायचे आहे त्यांना एक विनंती करते. कारखान्याचे घरात बोलू नका आणि घरचे कारखान्यात. हे पाळणे अवघड आहे, कारण आमच्याकडे कारखाना खाली आणि घर वर आहे. तरीही स्वयंपाकघरात निघालेला हिशेब दुसऱ्या दिवशी टेबलावर येतो, तेव्हा त्याला नात्यांची नावे चिकटलेली असतात.

पूर्वभागकर्णी, २२ एप्रिल

सर्वांचे मनापासून आभार. मामांकडे जाऊन आले. त्यांनी बराच वेळ उत्तर दिले नाही. मग म्हणाले, "रंगाईवाला ओली लडी देतो, हे मी तुझ्या काकांना पूर्वी सांगितले होते." काकांना ते आठवत नाही. मामांनी वजन करायला होकार दिला, परंतु पहिली सही करायला तयार नाहीत. "सही केली की उद्या कमी पडले तर माझ्यावर येईल," असे ते म्हणतात.

निवृत्त लेखापाल, २२ एप्रिल

त्यांची भीती रास्त आहे. चिठ्ठीवर फक्त "आज आलेले वजन" लिहा, तूट किंवा फरक हा शब्द छापू नका. जे डोळ्यांसमोर काट्यावर दिसले त्याचीच सही असावी. जुळवणी तुम्ही महिनाअखेरीला वेगळ्या कागदावर करा आणि त्यावर तुमची एकटीची सही असू द्या.

मंगळवेढेकर, २३ एप्रिल

मी सुरुवातीला नोटिशीचे सुचवले होते. हक्काच्या जाणिवेने लिहिले होते आणि मुलींनी मागे हटू नये असे मला अजूनही वाटते. वजन झाल्यावरही हिशेब दाखवला नाही, तर तुमच्या वडिलांना त्यांचा हक्क वापरायला सांगाल का?

पूर्वभागकर्णी, २३ एप्रिल

याचे उत्तर आज माझ्याजवळ नाही.

पूर्वभागकर्णी, ९ ऑगस्ट

धागा वर काढते आहे, कारण जुलैचे आकडे पूर्ण झाले. जूनच्या मध्यापासून प्रत्येक लडीचे वजन मामा आणि मी मिळून करतो. जुलैत आमच्या काट्यावर मागांना दिलेले सूत ५,८०० किलो होते, टॉवेल ५,५३० किलो आणि चिंध्यांसह वेस्ट १८५ किलो. तूट ८५ किलोची आहे. म्हणजे मार्चच्या निम्म्याहून कमी.

मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे गठ्ठे टांगून पाहिले. एका रंगाईवाल्याकडचा दहा किलोचा गठ्ठा दोन दिवसांनी नऊ किलो नऊशे ग्रॅम भरला, दुसऱ्याकडच्या गठ्ठ्यात फरक पडला नाही. आमचे बहुतेक सूत पहिल्याकडे जाते. त्याच्याशी चलनातल्या वजनाविषयी बोलणे काकांनी स्वतः केले. बँकेच्या स्टेटमेंटचा विषयही मी त्यांच्याकडे काढला. तेव्हा त्यांनी वडिलांना बोलावून घेतले, आणि दिवाळीपूर्वी गोदामाची प्रत्यक्ष मोजणी करायचे ठरले आहे. जुनी शिलक किती कमी निघेल याची काकांना काळजी आहे आणि ती खर्ची टाकायला ते अजून तयार नाहीत.

काकू थोडे बोलू लागल्या आहेत. मामा माझ्याशी कामापुरतेच बोलतात.

नवी पेठ, ९ ऑगस्ट

सगळे सूत पहिल्याच रंगाईवाल्याचे धरले तरी एक टक्क्याने ५८ किलोचा उलगडा होतो. उरलेल्या किमान २७ किलोंचे काय?

जुना जॉबर, १० ऑगस्ट

५,८०० किलोंत २७ किलो म्हणजे अर्ध्या टक्क्याच्याही आत आहे. कांड्यांवर शेवटी राहिलेले थोडे सूत, म्हणजे बूड, कारागीर तिथेच काढून टाकतात आणि ते झाडलोटीत जाते. ते वेगळ्या पोत्यात जमवून वजन केल्याशिवाय मी त्याला नाव देणार नाही.

नवी पेठ, १० ऑगस्ट

मीही देत नाही. परंतु तो आकडा सोडून द्यावा असे मला वाटत नाही.

अकलूजची सून, १० ऑगस्ट

ताई, मामांनी पूर्वी ओल्या लडीबद्दल सांगितले होते आणि कोणी ऐकले नव्हते, हे काकांनी त्यांच्यासमोर मान्य केले का? माझ्या मते त्यांचे कामापुरते बोलणे तिथे अडकलेले असावे.

पूर्वभागकर्णी, ११ ऑगस्ट

काकांनी केलेले नाही. मी मामांना सांगितले की तुमचे म्हणणे खरे निघाले, तेव्हा ते म्हणाले, "हे तुझ्या काकांनी म्हणायला हवे." मी काकांपर्यंत ते पोचवलेले नाही आणि पोचवावे की नाही याचा विचार करते आहे. झाडलोटीच्या सुतासाठी वेगळे पोते आजपासून लावले आहे. ऑगस्टचा आकडा आला की इथे लिहीन.